सिझेरियननंतर घरी नेताना: जखम, हालचाल आणि दवाखाना गाठण्याची वेळ

प्रश्न: माझ्या मुलीचं सोलापुरात तीन दिवसांपूर्वी सिझेरियन झालं, पहिलीच खेप आहे. उद्या घरी सोडणार आहेत. टाक्यांना पाणी लागू द्यायचं की नाही, शेक द्यायचा का, सव्वा महिना झोपूनच ठेवायचं का? विहीणबाई एक सांगतात, शेजारच्या दुसरंच. आणि परत दवाखान्यात न्यायला हवं हे आम्ही कशावरून ओळखायचं?

उत्तर: तुमच्या मुलीच्या ओटीपोटावर केसांच्या रेषेच्या किंचित वर जी 10 ते 15 सेंटिमीटरची आडवी रेघ दिसते आहे, तो जखमेचा केवळ वरचा थर आहे. कातडीच्या कडा साधारण 48 तासांत एकमेकींना चिकटतात, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी वरून पाहणाऱ्याला जखम भरल्यासारखी वाटते. तिच्याखाली चरबीचा थर आहे, त्याखाली पोटाला खरा आधार देणारा पांढरा, चिवट पडदा आहे आणि सर्वांत आत गर्भाशयाची भिंत आहे. यांतील बहुतेक थरांना वेगवेगळे टाके घातलेले असतात. त्या पांढऱ्या पडद्याला सहा आठवड्यांनीही मूळची पूर्ण ताकद आलेली नसते. त्यामुळे वरची कातडी सुकली म्हणून आतले काम संपले असे समजू नये. त्याचबरोबर आतली जखम ओली आहे म्हणून बाळंतिणीला बाजल्यावर खिळवूनही ठेवू नये. पुढचे सगळे नियम या दोन गोष्टींवरून ठरतात.

सोलापुरात अनेक वर्षे बाळंतपणे करताना मी घरच्या मंडळींना एक गोष्ट नेहमी सांगत आले आहे, आणि तुम्हालाही तीच सर्वांत आधी सांगते. किती दुखते आहे यापेक्षा दुखणे कोणत्या दिशेने चालले आहे ते पाहावे. सिझेरियननंतर दुखणारच, काही जणींना अधिक, काही जणींना कमी. मात्र आज दुखते त्यापेक्षा उद्या थोडे कमी आणि परवा आणखी कमी, असा उतार दिसला पाहिजे. एखाद्या दिवशी मुलगी जास्त चालली तर त्या रात्री थोडे अधिक दुखेल, पण विश्रांतीनंतर सकाळी ते पुन्हा उतरलेले असेल. उतरत आलेले दुखणे विश्रांती आणि नेहमीची गोळी घेऊनही चढू लागले, तर त्याला काहीतरी कारण आहे असे समजावे. जखमेवर लाली किंवा पू दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच पुष्कळदा ही खूण मिळते. अंगावरून जाणारे रक्त, ताप, पायांची सूज यांनाही हीच दिशेची कसोटी लावता येते.

आता पाण्याचे. दवाखान्यातील ड्रेसिंग काढले असेल आणि डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले नसेल, तर रोज अंघोळ घालावी. उभ्याने किंवा स्टुलावर बसवून तांब्याने कोमट पाणी घ्यावे आणि साबणाचे पाणी जखमेवरून नुसते वाहू द्यावे. जखमेवर साबणाची वडी किंवा घासणी फिरवू नये. महिना-दीड महिना टबात बसणे टाळावे. खरी काळजी अंघोळीनंतर घ्यायची असते. बाळंतपणानंतर पोट काही दिवस सैल असते आणि त्याची घडी नेमकी जखमेवर येते. त्या घडीत घाम व पाणी साचून राहिले की कातडी पांढुरकी पडते, मऊ होते आणि तिथून जंतूंना वाट मिळते. म्हणून मुलीला आडवे झोपवून पोटाची घडी हळूच वर उचलावी, स्वच्छ, मऊ सुती पंच्याने टिपून जखम कोरडी करावी आणि पाच-दहा मिनिटे पंख्याची हवा लागू द्यावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे दिवसातून दोनदा करावे लागते. हा पंचा वेगळा ठेवावा, रोज धुऊन उन्हात वाळवावा, आणि जखमेला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, आजीनेसुद्धा.

जखमेवर काही लावायचे का, असे विचाराल तर डॉक्टरांनी लिहून दिले असेल तेवढेच लावावे. हळद, खोबरेल तेल, कडुलिंबाचा लेप, टाल्कम पावडर, राख यांपैकी काहीही नको. हळद औषधी आहे हे मला मान्य आहे, परंतु स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते. तिचा थर बसला की खालची लालीही दिसेनाशी होते, आणि ज्या लालीवरून आपण सावध व्हायचे तीच झाकली जाते. टाके कोणते घातले आहेत हे उद्या निघण्यापूर्वी विचारून घ्या. विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत; नायलॉनचे असतील तर आडव्या जखमेचे टाके साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी काढतात. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी.

शेकाबद्दल मला थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी देणे हे मायेचे काम समजले जाते आणि ते करणाऱ्या बायकांचा हेतू चांगलाच असतो. सिझेरियनमध्ये कातडीतील बारीक संवेदना-तंतू कापले जातात, त्यामुळे जखमेच्या आसपासचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. मुलगी म्हणेल, ‘तिथे हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या पोटाला लावल्यासारखे वाटते.’ हे अपेक्षित असते आणि बहुतेकींच्या बाबतीत हळूहळू कमी होते. परंतु अशा बधिर कातडीला निखाऱ्यांचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा चटका कळत नाही. शेक घेताना काही जाणवले नाही आणि संध्याकाळी कपडे बदलताना जखमेवर पाण्याने भरलेला फोड दिसला, असे मी पाहिले आहे. म्हणून पोटाला शेक नको. पाठीला आणि कमरेला सोसवेल इतका कोमट शेक चालेल. बाजल्याखाली शेगडी ठेवून खोलीची दारे-खिडक्या लावून घेणे मात्र कोणत्याही ऋतूत नको. कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा 40 अंशांच्या वर असताना शेगडीने अंगातले पाणी आणखी आटते.

मालीश करणाऱ्या बाईंना हात, पाठ, खांदे यांची मालीश करू द्या, पण पोटाला सहा आठवडे हात लावू देऊ नका. पायांची मालीश चालेल. मात्र एखादी पोटरी दुखत किंवा सुजलेली असेल तर ती अजिबात चोळू नये. याचे कारण पुढे येईल.

पोट बांधण्याविषयीही घरोघरी वाद होतात. चालताना आधार म्हणून पट्टा वापरला तर बऱ्याच जणींना दुखणे कमी जाणवते, आणि तेवढ्यासाठी तो चांगला आहे. मात्र त्याने सुटलेले पोट आत जात नाही. जुन्या लुगड्याची पट्टी करकचून आवळली की घाम आत कोंडतो, श्वास उथळ होतो आणि पट्टी सरकून नेमकी जखमेवर घासत राहते. पट्ट्याखाली सहज हात जाईल इतपतच तो सैल असावा, झोपताना काढावा आणि रोज धुवावा. परकराची किंवा सलवारीची नाडी जखमेवर येत असेल तर महिनाभर गाऊनच घालू द्यावा.

आता एक उदाहरण सांगते, कारण त्यातून जखम बिघडण्याचा क्रम नीट समजतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. मोहोळ तालुक्यातील माहेरी गेलेली एक तरुण बाळंतीण होती. चौथ्या दिवशी तिला घरी सोडले, तेव्हा जखम कोरडी होती, ताप नव्हता आणि ती स्वतः चालत गाडीपर्यंत गेली होती. पाचव्या दिवशी ती बरी होती. सहाव्या दिवशी जखमेच्या उजव्या टोकाला ठणका सुरू झाला. डाव्या बाजूचे दुखणे जवळजवळ गेले होते आणि उजवीकडचे वाढत होते. घरच्यांना वाटले, चालल्यामुळे झाले असेल. त्यांनी चालणे बंद केले, हळद-तेल लावले आणि वरून घट्ट पट्टी बांधली. सातव्या दिवशी संध्याकाळी अंग तापले. दूध भरल्याचा ताप असेल असे समजून तापाची गोळी दिली, त्याने ताप उतरला आणि सगळे निश्चिंत झाले. आठव्या दिवशी ताप पुन्हा चढला. नवव्या दिवशी पहाटे पट्टी ओली लागली, पिवळसर डाग दिसला आणि त्याला वास होता. तेव्हा गाडी करून तिला आणले.

मी पाहिले तेव्हा हळदीच्या थराखाली उजव्या टोकाला दोन बोटे रुंदीचा भाग लाल, गरम आणि कडक झाला होता. बाजूने हलके दाबताच पू आला. त्या टोकाचे टाके उघडले, पू तपासणीला पाठवला, सलाइनने जखम धुतली आणि खालचा पांढरा पडदा शाबूत आहे याची खात्री केली. तो शाबूत होता, हे तिचे सुदैव. रक्तातील साखर तपासली, प्रतिजैविक सुरू केले आणि रोजचे ड्रेसिंग लावून दिले. उघडलेली जखम तळापासून भरत यायला तिला सुमारे तीन आठवडे लागले. तिचे बाळ पूर्ण वेळ अंगावर पीत होते. आईला दिलेली औषधे त्याला चालणारीच निवडली होती. सहाव्या दिवशी एका बाजूचा ठणका वाढला तेव्हाच ती आली असती, तर कदाचित जखम उघडावीही लागली नसती.

या उदाहरणात एका टोकाचे वाढत जाणारे दुखणे ही पहिली खूण होती, ताप दुसरी आणि पू सर्वांत शेवटची. सिझेरियनच्या जखमेतील संसर्ग बहुधा चौथ्या ते दहाव्या दिवसांदरम्यान दिसू लागतो, म्हणजे दवाखाना सुटल्यानंतर. त्यामुळे तो आधी घरच्यांनाच दिसायला हवा. दोन आठवडे रोज अंघोळीनंतर, एकाच वेळी आणि उजेडात, जखम या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहावी. मुलीला स्वतःला ती दिसत नाही, म्हणून आरसा धरावा किंवा मोबाइलवर फोटो काढावा. कालच्या फोटोशेजारी आजचा ठेवला की फरक लगेच कळतो. टाक्यांच्या अगदी कडेला पातळ गुलाबी रेघ असणे, थोडी खाज येणे आणि जखमेच्या रेषेवर कडकपणा लागणे हे भरून येण्याचे लक्षण आहे. लाली रेघेपासून बाहेर पसरताना दिसली तर तिच्या कडेने पेनाने खूण करावी आणि दवाखान्यात फोन करावा. लाली त्या खुणेपलीकडे गेली तर थांबण्याचे कारणच उरत नाही.

जखमेतून येणाऱ्या पाण्याचे तीन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. ताप नाही, लाली नाही, आणि एका ठिकाणाहून पातळ, स्वच्छ, पिवळसर पाण्याचे काही थेंब आले, तर ते बहुधा चरबीच्या थरात साचलेले पाणी असते. त्याच दिवशी दाखवावे, पण रात्री धावपळ करण्याची गरज नसते. घट्ट, गढूळ, वास येणारा पू असेल, किंवा पाण्याबरोबर ताप असेल, तर दिवस-रात्र न पाहता जावे. तिसरा प्रकार क्वचित दिसतो, परंतु तो सर्वांत गंभीर आहे. खोकताना किंवा उठताना ‘आत काहीतरी सुटल्यासारखे’ वाटून भसकन गुलाबी पाणी येणे, ही आतला पांढरा पडदा उसवत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी मुलीला गुडघे वाकवून उताणे झोपवावे, जखमेवर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ कापड ठेवावे, बाहेर काही आलेले दिसले तर ते आत ढकलू नये, खायला-प्यायला काही देऊ नये आणि ताबडतोब 108 ला फोन करावा.

हालचालीकडे वळू. सव्वा महिना झोपवून ठेवणे हे सिझेरियन झालेल्या बाईसाठी जोखमीचे आहे. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती नैसर्गिकरीत्याच वाढलेली असते, शस्त्रक्रियेने ती आणखी वाढते. त्यात पाय हलले नाहीत आणि पाणी कमी पडले, तर पोटरीच्या आतल्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. म्हणून पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे दिवसातून चार-पाच वेळा चालवावे, दुसऱ्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटांपर्यंत न्यावे आणि पुढे झेपेल तसे वाढवावे. वाकून, पोट धरून चालण्याची सवय लागते; तिला हळूहळू सरळ उभे राहायला सांगा, टाके ताणून तुटत नाहीत. पडल्या पडल्या दर तासाला पावले वर-खाली दहा-वीस वेळा हलवावीत. दुपारची झोप, पाय पसरून बसणे, बाळासोबत आडवे होणे हे सगळे हवेच. दिवसभर अंथरुणात राहणे तेवढे नको.

अंथरुणातून उठण्याची रीत तिला आज दवाखान्यातच सिस्टरकडून शिकवून घ्या. उताण्या अवस्थेतून थेट उठून बसल्यास पोटाच्या स्नायूंवर सगळा ताण येतो. त्याऐवजी आधी दोन्ही गुडघे वाकवावेत, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यावे, पाय बाजेखाली सोडावेत आणि हाताच्या कोपराने व तळव्याने अंग वर रेटावे. बसल्यावर लगेच उभे न राहता मिनिटभर थांबावे, कारण चक्कर येऊ शकते. जमिनीवरच्या अंथरुणापेक्षा पलंग किंवा बाज बरी. खोकला, शिंक किंवा हसू आले तर जखमेवर उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी दाबून धरावी. त्यासाठी आपल्या सोलापुरी चादरीची घट्ट घडी फार उपयोगी पडते. उकिडवे बसणे पहिले काही दिवस जड जाते, म्हणून घरात कमोड नसेल तर मधोमध भोक असलेली शौचाची खुर्ची आणावी. बाळाला पाजताना मांडीवर उशी घ्यावी किंवा कुशीवर झोपून पाजावे, म्हणजे बाळाचे पाय जखमेवर बसत नाहीत.

वजनाचा नियम साधा आहे: सहा आठवडे आपल्या बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येते, आणि नळ आला की घरातली प्रत्येक बाई, मग ती कितीही आजारी असो, हातात बादली घेते. दहा लिटरची भरलेली बादली 10 किलोंची असते आणि ती उचलताना पोटाच्या पडद्यावर एकदम जोर येतो. पाणी येण्याच्या दिवशी घरात दुसरे कोण असेल हे आधीच ठरवून ठेवा. हंडा, सिलिंडर, ओल्या कपड्यांचा पिळा, थोरले मूल कडेवर घेणे, हे सगळे याच नियमात येते. ओट्याशी उभे राहून हलका स्वयंपाक दोन-तीन आठवड्यांनी चालेल. खाली बसून भाकऱ्या थापणे आणि उठणे नंतरसाठी ठेवा. जिना दिवसातून एक-दोनदा सावकाश चढायला हरकत नाही. पोटाचे व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीनंतरच सुरू करावेत.

पाण्याविषयी एक गैरसमज इथे दूर करायला हवा. बाळंतिणीला पाणी दिले की पोट सुटते आणि भात, डाळ किंवा केळे दिले की टाके पिकतात, असे अजूनही सांगितले जाते. टाके जंतूंमुळे पिकतात, भाता-डाळीमुळे नव्हे. दूध पाजणाऱ्या आईला दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. ते कमी पडले तर मल कडक होतो, लोहाच्या गोळ्यांनी आणखी कडक होतो, आणि कुंथताना जखम दुखते म्हणून ती शौचाला जाणेच टाळते. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक, अंडी असे घरचे जेवण तिला पहिल्यापासून द्यावे. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू अवश्य द्या, पण जेवणाच्या ऐवजी नको.

एकाच पोटरीत वाढते दुखणे, सूज, गरमपणा किंवा लाली आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोन्ही पावलांना सारखी सूज पहिल्या आठवड्यात बहुतेकींना येते आणि ओसरते; एकच पाय जाड दिसू लागणे वेगळे. घरातली शिंप्याची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच उंचीवर मोजला तर शंका राहत नाही. आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखले किंवा थुंकीत रक्त आले, तर गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता असते. तेव्हा क्षणभरही वाट पाहू नये.

अंगावरून जाणे सिझेरियननंतरही चार ते सहा आठवडे चालते. पहिले काही दिवस लाल, मग तपकिरी-गुलाबी, नंतर पिवळसर-पांढरे, असा त्याचा उतार असतो. पाजताना किंवा सकाळी उठल्यावर थोडे अधिक जाणे ठीक आहे. एका तासात एक पूर्ण पॅड भिजणे, लिंबापेक्षा मोठ्या गुठळ्या पडणे, किंवा फिकट झालेले रक्त दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लालभडक होऊन वाढणे, ही लक्षणे रात्री दोन वाजता आली तरी निघावे. त्या स्रावाला घाण वास आणि सोबत ओटीपोटात दुखणे असेल तर गर्भाशयात संसर्ग झालेला असू शकतो.

तापाची मर्यादा 100.4 अंश फॅरेनहाइट धरावी. साधा डिजिटल थर्मामीटर घरी ठेवा. कपाळाला हात लावून ठरवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन्ही स्तन भरून घट्ट होतात तेव्हा थोडी कणकण येते आणि बाळाने पिऊन स्तन रिकामे केले की दिवसभरात जाते. त्याहून जास्त टिकलेला, हुडहुडीसह आलेला किंवा गोळीने उतरून पुन्हा चढलेला ताप दाखवायलाच हवा. तो लपवण्यासाठी गोळी देऊ नये, आणि घरात उरलेले प्रतिजैविक तर मुळीच देऊ नये. लघवीला जळजळ होणे, लघवी न होणे किंवा नकळत गळत राहणे, हेही सांगण्यासारखे आहे.

डोकेदुखीबद्दल मी घरच्यांना विशेष सावध करते, कारण तिच्याकडे जागरणाची डोकेदुखी म्हणून दुर्लक्ष होते. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिलेली असेल तर पहिल्या काही दिवसांत एक वेगळी डोकेदुखी येऊ शकते: बसले-उठले की वाढते आणि आडवे झाले की कमी होते. ती डॉक्टरांना सांगावी, उपाय आहे. परंतु आडवे होऊनही न थांबणारी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे आणणारी, वरच्या पोटात दुखणे आणि चेहऱ्यावर सूज यांच्यासह येणारी डोकेदुखी वाढलेल्या रक्तदाबाची असू शकते. बाळंतपण झाले म्हणजे बीपीचा धोका संपला असे नाही. तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसांदरम्यान सर्वाधिक चढतो, म्हणजे नेमका घरी आल्यावर, आणि गरोदरपणी ज्यांचे बीपी ठीक होते त्यांनाही हे होऊ शकते. बीपी 140/90 किंवा त्याहून अधिक आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. 160/110 ला पोचले किंवा झटका आला तर ती थेट आणीबाणी आहे. झटका आला तर कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये. उद्या निघताना तिचे बीपी आणि हिमोग्लोबिन कार्डावर लिहिलेले आहे ना, ते पाहून घ्या.

मनाचेही सांगते. पहिल्या आठवड्यात उगीच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरण्याऐवजी वाढू लागले, बाळ झोपले असतानाही झोप लागेना, किंवा स्वतःला वा बाळाला काही करून घेण्याचे विचार ती बोलून दाखवू लागली, तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आशाताई सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या घरी सातव्या दिवसापासून ठरावीक दिवशी येतात. बाळाबरोबर आईची जखमही त्यांना दाखवा. टाके काढण्याची भेट आणि सहाव्या आठवड्याची तपासणी मुलगी ठणठणीत दिसली तरी चुकवू नका, कारण पाळी परत येण्यापूर्वीही पुन्हा दिवस राहू शकतात, आणि पुढच्या खेपेसाठी निदान दीड-दोन वर्षांचे अंतर जखमेच्या दृष्टीने हवे.

निघावे लागलेच तर दुचाकीवर बसवून आणू नका. 108 ला फोन करून ‘सिझेरियन होऊन इतके दिवस झाले’ हे पहिल्या वाक्यातच सांगा, मग लक्षण सांगा. सरकारी दवाखान्यासाठी बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत 102 ची गाडीही विनामूल्य मिळते. डिस्चार्ज कार्ड आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून ती पिशवी आजपासूनच दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा, आणि निघताना बाळालाही सोबत घ्या, म्हणजे तिकडे थांबावे लागले तरी त्याचे पाजणे चुकणार नाही.